दाराआड गुणगुणणारी मुलगी: ट्रायल क्लास आणि फी विचारणाऱ्या एका पत्राची गोष्ट

पालक संगीत वर्गाला पहिलं पत्र लिहितात तेव्हा त्यात दोन प्रश्न हमखास असतात. ट्रायल क्लास असतो का, आणि फी किती? मी गाणं शिकवते, आणि आमच्या वर्गात या पत्रांना उत्तरं देण्याचं कामही माझ्याकडेच आहे. बहुतेक पत्रांना तीन ओळींचं उत्तर पुरतं. मूल बुजरं असेल तर मात्र हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ते सुटे सुटे विचारले की फसगत होते. एका आईनं आठ वर्षांच्या मुलीसाठी दोन पत्रं लिहिली. पहिलं दुसऱ्या एका वर्गाला, आणि काही महिन्यांनी दुसरं आम्हाला. ती दोन्ही पत्रं आणि त्यांतून पुढे काय झालं, ते आईच्या परवानगीनं इथे मांडते आहे.

पहिलं पत्र असं होतं:

"नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची असून तिला गाण्याची खूप आवड आहे. स्वभावाने ती थोडी लाजाळू आहे. आपल्याकडे ट्रायल क्लास असतो का? फी किती आहे? कृपया कळवावे."

उत्तर लगेच आलं. ट्रायल क्लास मोफत, अर्ध्या तासाचा, चालू बॅचमध्येच. सोबत फीचा तक्ता. त्या वर्गानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली होती, त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पत्रात याहून जास्त काही नव्हतंच.

ट्रायलच्या दिवशी आठ मुलं गोल करून बसली होती. सरांनी प्रेमानंच विचारलं, "बाळा, तुला येतं ते कुठलंही गाणं म्हण." मुलगी गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. एक मुलगा हसला. मागे बसलेली आई न राहवून म्हणाली, "अगं, घरी किती छान म्हणतेस, म्हण ना." अर्धा तास संपला, मुलीच्या तोंडून आवाज निघाला नाही. सर म्हणाले, होईल सवय, पण बॅच भरत आली आहे, नाव नोंदवून टाका. आईनं नोंदणी शुल्क आणि पूर्ण टर्मची फी भरली. दुसऱ्या क्लासला मुलगी भिंतीला टेकून बसली. तिसऱ्यालाही तेच. चौथ्या क्लासच्या सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि तिथेच तो वर्ग सुटला. नोंदणी परत मिळत नाही, टर्मची फीही परत मिळत नाही, असा नियम पावतीच्या मागे छापलेला होता.

आईला पैशांपेक्षा वेगळ्याच गोष्टीचं दुःख होतं. पुढचे कित्येक आठवडे मुलीनं घरीही गुणगुणणं बंद केलं होतं.

आमच्याकडे आईनं आधी फोन केला. तिचा पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडे लाजाळू मुलांना घेता का?" मी म्हटलं, लाजाळू म्हणजे काय ते मला सांगा. हा शब्द मी पत्रांत इतक्या वेळा वाचला आहे की त्यावरून मला काहीच कळत नाही. कुणाचं मूल पहिली दहा मिनिटं आईच्या ओढणीत तोंड लपवतं आणि मग खोली डोक्यावर घेतं. कुणी बोलतं सगळ्यांशी, पण एकट्यानं काही करून दाखवायला सांगितलं की थिजतं. कुणाला मोठ्यांचं काही वाटत नाही, पण समवयस्क मुलांची धास्ती असते. तिघंही लाजाळूच, पण तिघांना ट्रायल क्लास वेगवेगळा लागतो.

मी आणखी एक गोष्ट विचारली: शाळेत ती बोलते का? घरी भरभरून बोलणारं मूल शाळेसारख्या ठिकाणी महिनाभराहून जास्त काळ एक शब्दही बोलत नसेल, तर तो नुसता लाजाळूपणा असेलच असं नाही. तिथे बालमानसतज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा. गाण्याचा क्लास हा त्यावरचा उपाय नव्हे. ही मुलगी शाळेत बाईंना हळू आवाजात का होईना उत्तर देत होती आणि तिला एक जवळची मैत्रीणही होती. म्हणून आपण पुढे जाऊ, असं ठरलं. मी आईला म्हटलं, आता हे सगळं पत्रात लिहून पाठवा. लेखी असलं की शिकवणाऱ्यांनाही वाचता येतं आणि फीचं जे ठरेल त्याची नोंदही राहते.

दुसरं पत्र असं आलं:

"सप्रेम नमस्कार.

फोनवर बोलल्याप्रमाणे लिहीत आहे. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. ती घरी रोज गुणगुणते, पण दुसऱ्या खोलीत आणि दार लोटून. कुणी आत आलं की थांबते. शाळेत प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांबरोबर तिचे ओठ हलतात. एकटीला उभं केलं तर गप्प होते. अनोळखी मोठ्या माणसानं थेट डोळ्यांत बघून प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही. हातात काही काम असेल तर त्याच माणसाशी थोड्या वेळानं बोलते.

याआधी एका वर्गात ट्रायलला तिला एकटीला गायला सांगितलं होतं. ती गायली नाही, आणि तीन क्लासनंतर जायला तयार झाली नाही. तिच्यासमोर तिला लाजाळू म्हटलेलं तिला फार लागतं.

माझे प्रश्न असे आहेत. पहिल्या भेटीत तिनं फक्त बसून ऐकलं तर चालेल का? मी किती क्लासपर्यंत आत बसू शकते? ट्रायलमध्ये ती अजिबात गायली नाही, तर प्रवेशाचा निर्णय कसा होतो आणि तो कोण घेतं?

फीबद्दल: नोंदणी शुल्क कधी भरायचं, ट्रायलच्या आधी की नंतर? पूर्ण टर्मऐवजी पहिला महिना वेगळा भरता येईल का? आम्ही महिन्याअखेरीस थांबायचं ठरवलं तर कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं, आणि काय परत मिळेल? मधला एखादा क्लास बुडला तर भरून मिळतो का? वार्षिक कार्यक्रम, परीक्षा किंवा वाद्य यांचा खर्च फीमध्ये धरलेला आहे की वेगळा?

एकदम सगळ्याची उत्तरं देणं शक्य नसेल, तर ट्रायलबद्दल आणि थांबण्याबद्दल आधी कळवावं, ही विनंती.

आपली,
(आईचं नाव)"

हे पत्र माझ्या चांगलंच लक्षात आहे, कारण ते हातात घेऊन मी सरळ क्लासची आखणी करू शकले. "दार लोटून गुणगुणते" या तीन शब्दांत गाण्याची इच्छा आहे, सूर आहे, आणि ऐकणारा नको आहे, हे सगळं आलं. "सगळ्यांबरोबर ओठ हलतात" यावरून कळलं की समूहात तिला आडोसा मिळतो. "हातात काही काम असेल तर बोलते" ही ओळ तर आम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडली. पत्रात मुलीची कुठेही स्तुती नव्हती. गोड गळा, उपजत सूर असलं काही वाचून शिकवणाऱ्याला काही कळत नाही. उलट त्या अपेक्षेचं ओझं पहिल्याच दिवशी मुलावर येतं.

फीचे प्रश्नही तिनं असे विचारले होते की उत्तर हो, नाही किंवा तारीख यांतलंच काही द्यावं लागेल. "फी किती आहे?" या प्रश्नाला तक्ता हेच उत्तर मिळतं, आणि तक्त्यात चालू ठेवायला किती लागेल ते लिहिलेलं असतं. थांबायला किती लागेल, ते सहसा पावतीच्या मागे असतं.

पैशांचं गणित मी तिच्यासमोर मांडलं तेही सांगते, कारण मोफत ट्रायल हा शब्द ऐकून पालक निर्धास्त होतात. आधीच्या वर्गात नोंदणी शुल्क एका महिन्याच्या फीइतकं होतं आणि टर्म तीन महिन्यांची, आठवड्याला एक याप्रमाणे बारा क्लासची. म्हणजे मोफत अर्ध्या तासानंतर चार महिन्यांच्या फीइतकी रक्कम गेली आणि मुलगी तीन क्लास बसली. पटकन रुळणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही पद्धत ठीक आहे, कारण अर्ध्या तासात खरंच अंदाज येतो. या मुलीच्या बाबतीत त्या अर्ध्या तासात कळण्यासारखं काहीच नव्हतं. तिला उघडायला चार-पाच आठवडे लागणार होते, आणि निर्णय मात्र पहिल्याच दिवशी झाला होता. पैसे बुडाले ते इथे.

मी दिलेलं उत्तर असं होतं. पहिली भेट फक्त ऐकायची, तिचे पैसे नाहीत. त्यानंतरचे चार क्लास ट्रायल समजायचे आणि त्यांची एका महिन्याची फी आगाऊ भरायची. चौथ्या क्लासनंतर आठ दिवसांत कळवायचं. थांबलात तर पुढे काही देणं नाही, पण भरलेला महिना परत मिळणार नाही. चालू ठेवलंत तर हेच चार क्लास टर्मच्या बारांत धरू, आणि नोंदणी शुल्क तेव्हा भरायचं. बुडालेला क्लास टर्ममध्ये एकदाच भरून मिळेल. वार्षिक कार्यक्रमाचा आणि परीक्षेचा खर्च वेगळा आहे, आणि दोन्ही ऐच्छिक आहेत.

प्रत्येक वर्गाला असं करता येत नाही, हेही खरं. महिनाभर एक जागा अडवून ठेवायची, त्यात शिकवणाऱ्याचा वेळ जातो, आणि मूल टिकलं नाही तर ती जागा टर्मच्या मध्यावर भरत नाही. म्हणून ट्रायलच्या महिन्याची फी परत न देण्याची अट मला रास्त वाटते. नोंदणी शुल्क मात्र ट्रायल संपायच्या आधी मागणं मला पटत नाही.

आईनं आणखी एक सुचवलं होतं. दाराबाहेरून तिनं मुलीचं गुणगुणणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ते पाठवू का, म्हणजे तिला येतं हे तुम्हाला कळेल. मी नको म्हटलं. दार लोटून गाणाऱ्या मुलीला जर समजलं की दाराबाहेर फोन होता, तर तिची ती एक सुरक्षित जागाही जाते. आणि अशा गोष्टी मुलांना कळतातच, कारण कुणीतरी मोठं माणूस कौतुकानं "तुझं गाणं ऐकलं हं" असं म्हणून जातं. त्याऐवजी मी आईला एक काम दिलं. घरी छोटा कीबोर्ड होता. मुलगी गुणगुणून उठली की त्या चालीचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर साधारण कुठे होता, ते आठवून कीबोर्डवर शोधायचं. आईनं लिहून कळवलं: मधल्या सप्तकातल्या काळी एकच्या आसपासपासून पांढरी सहापर्यंत. म्हणजे तिचा आरामाचा पल्ला तिथे होता. आमच्या समूहाचा सा त्याहून खाली, खालच्या सप्तकातल्या काळी पाचला लावलेला असतो, कारण मोठ्या मुलींना तो बरा पडतो. त्या सुरात या मुलीला खालचे स्वर घशात दाबून काढावे लागले असते, आणि आधीच हळू असलेला आवाज ऐकूच आला नसता. बुजऱ्या मुलाला "मोठ्यानं म्हण" असं सांगण्याआधी सा बरोबर लावला आहे का, ते बघावं. अनेकदा अडचण धिटाईची नसते, पट्टीची असते.

पहिल्या भेटीत ती आईशेजारी मागे बसली. मी इतर मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की आज एक पाहुणी ऐकायला येणार आहे, तिला नाव-गाव कुणी विचारायचं नाही. पंचवीस मिनिटांत तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं. मी फक्त पायाकडे लक्ष ठेवलं होतं. मुलं तीनतालात टाळ्या देत होती, आणि तिचा अंगठा चपलेत समेवर बरोबर दाबला जात होता. ताल तिला कळतो आहे, एवढं मला कळलं.

पहिल्या ट्रायल क्लासला तिला समूहाच्या आधी पंधरा मिनिटं बोलावलं. मी तिच्यासमोर बसले नाही. पेटीच्या एकाच बाजूला दोघी शेजारी बसलो, म्हणजे दोघींची नजर पट्ट्यांवर. सा काळी एकचा लावला. तिला काम दिलं भाता मारण्याचं; स्वर मी वाजवत होते. भाता हळू झाला की सूर विरतो, जोरात मारला की ओरडतो, हे तिनं आपलं आपण शोधलं. गाण्याचा विषय मी काढलाच नाही. शेवटी ती एक वाक्य बोलली: "हा थांबतो." भाता थांबला की सूर थांबतो, असं तिला म्हणायचं होतं.

दुसऱ्या क्लासला मी सा, रे, ग म्हणून मुद्दाम थांबले आणि पुढचा स्वर वाजवला नाही. प्रश्न केला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. पाच-सहा वेळा अशी जागा रिकामी सोडली. सातव्यांदा शेजारून अगदी बारीक आवाजात म आला, आणि तो सुरात होता. मी पुढचा प म्हटला, बस्स.

तिसऱ्या क्लासला मात्र घडी विस्कटली, आणि चूक आमची होती. समूहात ती शेवटच्या रांगेत सगळ्यांबरोबर गात होती, ओठांबरोबर आवाजही येत होता. आमच्यातल्याच एका सहकारी शिक्षिकेला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं म्हणाली, "वा, आज कुणाचा आवाज ऐकू येतोय!" सगळी मुलं वळून बघायला लागली. उरलेली वीस मिनिटं ती गप्प होती, आणि खांदे कानाजवळ आलेले. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की तिच्या गाण्यावर शब्दानं काही बोलायचं नाही. बरोबर आलं की पुढचा स्वर द्यायचा, हीच दाद. ज्या मुलाला लोकांच्या नजरेचं ओझं होतं, त्याला चारचौघांतलं कौतुकही तितकंच जड जातं.

आईचं आत बसणंही आम्ही टप्प्यानं कमी केलं. पहिल्या क्लासला शेजारी, दुसऱ्याला दाराजवळच्या खुर्चीवर, तिसऱ्याला दार उघडं ठेवून बाहेर. तिसऱ्या क्लासच्या प्रकारानंतर चौथ्याला ती पुन्हा दाराच्या आत आली. खुर्ची कुठे असेल ते मुलीला प्रत्येक वेळी आधी सांगितलं होतं. न सांगता हळूच निघून जाण्याचा मोह पालकांना होतो, पण तसं केलं की पुढच्या वेळी मूल गाणं सोडून दाराकडेच बघत राहतं.

चौथ्या क्लासअखेर ती एकटी गात नव्हतीच. पहिल्या वर्गाच्या मापानं मोजलं असतं, तर ती पुन्हा नापास झाली असती. आम्ही तीन गोष्टी बघितल्या: ती क्लासच्या दिवशी घरून विनातक्रार निघते का, रिकामी जागा स्वतःहून भरते का, आणि गडबड झाली तर पुढच्या आठवड्यात परत येते का. तिन्हींचं उत्तर हो होतं. आईनं आणखी एक सांगितलं, घरी गुणगुणताना दार आता अर्धंच लोटलेलं असतं. पाचव्या दिवशी तिचं कळवणं आलं, नोंदणी शुल्क भरलं गेलं, आणि टर्मचे आठ क्लास उरले. पेटीजवळची पंधरा मिनिटं आम्ही टर्मभर चालू ठेवली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, पण हे एका वेळी एकाच मुलासाठी करता येतं, हे आईला तेव्हाच सांगितलं होतं.

टर्म संपताना तिचं आणखी एक छोटं पत्र आलं. वार्षिक कार्यक्रमाचा अर्ज घरी आला आहे, मुलगी गाणार नाही म्हणते, पण तिला तंबोरा घेऊन मागे बसायचं आहे; चालेल का, आणि त्याची फी पूर्ण लागेल का? मी उलट टपाली कळवलं: चालेल. तंबोऱ्यावर बसणाऱ्यांकडून आम्ही कार्यक्रमाची फी घेत नाही. तालमी तीन आहेत, तिन्हींना यावं लागेल, आणि तंबोरा काळी एकलाच लावलेला असेल.